हिशेब सांभाळणारी व्यक्ती सोडून चालली? मग दर महिन्याच्या पीडीएफची ‘सुपूर्द-चिठ्ठी’ अशी लिहून घ्या



व्हिडिओत आपण होमस्टेचा महिन्याचा हिशेब कसा लावायचा ते पाहिलं. आज त्याचाच पुढचा भाग. हा हिशेब आजवर जी व्यक्ती करत होती ती सोडून चालली, तर तिच्याकडून काय लिहून घ्यायचं?

उदाहरणासाठी तारकर्लीतला पाच खोल्यांचा एक होमस्टे धरूया. काकू तो चालवतात, सोबत मालवणी मसाला आणि कोकम आगळ विकतात. जीएसटी नोंदणी आहे. आजवर सगळे कागद त्यांची भाची बघत होती. तिला पुण्यात नोकरी लागली. आता कुडाळला बी.कॉम. करणारा पुतण्या हे काम घेणार आहे. काकूंची अपेक्षा एका वाक्यात आहे: “पैसे खयसून इले नि खय गेले, ह्या माका कळाक होया.”

भाची म्हणते, “त्यात काय, पीडीएफ उतरवायच्या, एक्सेल करायचं, सीएंना पाठवायचं.” बरोबर आहे, पण हे काम जिला येतं तिच्यासाठी बरोबर आहे. पुतण्याला तीन वेगळ्याच गोष्टी माहीत असायला हव्यात: महिन्याचे सगळे कागद आले हे कशावरून ओळखायचं, एक्सेलमध्ये सगळं उतरलं हे कशावरून ओळखायचं, आणि आकडा जुळला नाही तर नेमकं कुठे बघायचं. सुपूर्द-चिठ्ठी लिहायची ती या तीन प्रश्नांसाठी. एकेक घेऊ.

भाग पहिला: गोळा करणं

या होमस्टेला दर महिन्याला सहा पीडीएफ लागतात. चिठ्ठीत पहिल्या पानावर ही यादी हवी, आणि प्रत्येक नावापुढे ‘कुठून येते, कोणाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, कधीपर्यंत येते’ एवढं हवं.

१. बँकेच्या चालू खात्याचं स्टेटमेंट. ई-मेलने येतं, पासवर्ड लागतो.
२. पतसंस्थेच्या खात्याचा उतारा. शाखेत जाऊन छापून घ्यायचा आणि स्कॅन करायचा.
३ आणि ४. दोन बुकिंग साइटची पेमेंट स्टेटमेंट. लॉगिन करून उतरवायची.
५. क्यूआर कोडवर जमा झालेल्या रकमांचा अहवाल. ॲपमधून.
६. महावितरणचं वीजबिल. ग्राहक क्रमांक टाकून संकेतस्थळावरून.

यात पहिला सापळा बघा. बँकेचं स्टेटमेंट ई-मेलने येतं, पण कोणाच्या ई-मेलवर? बऱ्याच घरगुती व्यवसायांत खातं काकूंचं असतं आणि नोंदवलेला ई-मेल भाचीचा असतो. बुकिंग साइटचा ओटीपीही तिच्याच फोनवर जातो. ती पुण्याला गेल्यावर रविवारी रात्री तिला फोन करून ओटीपी मागायची वेळ येते. म्हणून ती जायच्या आधी व्यवसायासाठी एक वेगळा ई-मेल काढा आणि सहाही ठिकाणी तो नोंदवा. मोबाइल नंबर काकूंचा ठेवा. हा बदल करायला बँकेत सही लागते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

पासवर्ड चिठ्ठीत लिहायचे नाहीत. ‘पासवर्ड काकूंच्या कपाटातल्या निळ्या वहीत’ एवढंच लिहायचं. स्टेटमेंट उघडायचा पासवर्ड कसा बनतो ते बँक त्याच मेलमध्ये सांगत असते, तेव्हा ‘मेल पूर्ण वाच’ ही सूचना पुरते.

दुसरा सापळा नावांचा. उतरवलेल्या फायलीचं नाव बहुतेक वेळा दर महिन्याला सारखंच असतं. मग फोल्डरमध्ये `statement.pdf`, `statement (1).pdf`, `statement (2).pdf` अशा फायली साचतात आणि मे महिन्याच्या जागी एप्रिलचीच फाइल दुसऱ्यांदा जाते. उपाय साधा आहे. फाइल उतरवली की उघडायची, आत छापलेला कालावधी बघायचा, आणि त्यावरून नाव द्यायचं:

```
2025-05_1_chalu-khate.pdf
2025-05_2_patsanstha.pdf
2025-05_3_booking-A.pdf
```

आधी वर्ष, मग महिना, मग यादीतला क्रमांक. असं नाव दिलं की फायली आपोआप क्रमाने लागतात आणि चौथा क्रमांक गायब असेल तर डोळ्याला लगेच दिसतो. या मूळ पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि त्यांना पुन्हा हात लावायचा नाही. पुढे कधी वाद झाला तर साक्षीदार त्याच असतात.

आता आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट. पावसाळ्यात पर्यटन जवळपास थांबतं. जुलैत बुकिंग नसेल तर साइटचं स्टेटमेंट येतच नाही, आणि नवीन माणूस विचारात पडतो की ‘आलं नाही’ की ‘मीच विसरलो’? चिठ्ठीत स्पष्ट लिहा: व्यवहार नसेल तर त्या क्रमांकाच्या जागी ‘व्यवहार नाही, अमुक तारखेला लॉगिन करून पाहिलं’ अशी एक ओळ ठेवायची. जागा रिकामी सोडायची नाही. याच दिवसांत वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून उतरवण्याचं काम ५ तारखेच्या आत संपवायचं.

भाग दुसरा: पीडीएफचं एक्सेल करणं

सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायचा: हे रूपांतर करायची गरज आहे का? बऱ्याच बँका आणि बुकिंग साइट लॉगिन केल्यावर तोच अहवाल एक्सेल किंवा सीएसव्हीमध्येही देतात. मिळत असेल तर तोच घ्या. पीडीएफ मात्र सोबत उतरवाच, कारण तपासणी तिच्याशी करायची आहे.

फक्त पीडीएफच मिळत असेल तर ती दोनपैकी कोणत्या जातीची आहे ते ओळखा. फाइल उघडून माउसने एक रक्कम निवडून बघा. अक्षरं निवडली गेली तर आत खरा मजकूर आहे. संपूर्ण पान एका चित्रासारखं निवडलं गेलं किंवा काहीच निवडता आलं नाही, तर तो स्कॅन आहे.

पतसंस्थेचा उतारा स्कॅन आहे. त्यात महिन्याला दहा-पंधरा नोंदी असतात. अशा वेळी अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ते ३ चा ८ करतं, दशांशचिन्ह गिळतं, आणि त्या चुका शोधण्यात जेवढा वेळ जातो त्याहून कमी वेळात पंधरा नोंदी हाताने टाइप होतात.

चालू खात्याची पीडीएफ मात्र खऱ्या मजकुराची आहे. आधी पासवर्ड काढलेली एक प्रत बनवायची. पीडीएफ क्रोममध्ये पासवर्ड देऊन उघडायची, `Print` मध्ये जाऊन `Save as PDF` करायचं. मग विंडोजवरच्या नव्या एक्सेलमध्ये हा रस्ता:

```
Data > Get Data > From File > From PDF
```

इथे एक्सेल पानापानाचे तक्ते वेगवेगळे दाखवतं: `Table001 (Page 1)`, `Table002 (Page 2)` असे. `Select multiple items` वर खूण करून सगळी पानं निवडायची. एक पान निवडायचं राहिलं तर एक्सेल तक्रार करत नाही, म्हणून ‘पीडीएफची पानं किती, निवडलेले तक्ते किती’ हे चिठ्ठीत मोजायला सांगा. मग दोन्ही तक्ते एकाखाली एक जोडायचे.

फुकटात पीडीएफ बदलून देणाऱ्या अनोळखी साइटवर बँकेचं स्टेटमेंट चढवू नका. त्यात तुमचा खाते क्रमांक असतो आणि पैसे पाठवणाऱ्या पाहुण्यांची नावंही असतात.

शेवटी पत्रकाची मांडणी कायम एकच ठेवायची, म्हणजे तपासणीची सूत्रं दर महिन्याला तीच चालतात. `A` तारीख, `B` तपशील, `C` संदर्भ क्रमांक, `D` खर्च, `E` जमा, `F` शिल्लक. दुसऱ्या ओळीत फक्त आरंभीची शिल्लक, `F2` मध्ये. नोंदी तिसऱ्या ओळीपासून.

भाग तिसरा: तपासणी

नवीन माणूस सहसा काय करतो? शेवटची शिल्लक पीडीएफशी जुळली की ‘झालं’ म्हणतो. इथेच फसगत होते. कशी, ते मे महिन्याच्या उदाहरणात आकडे घालून बघू.

पीडीएफवर छापलंय: आरंभीची शिल्लक ८४,३५० रुपये, एकूण जमा २,१६,४००, एकूण खर्च १,७३,२७५.५०, अखेरची शिल्लक १,२७,४७४.५०. पीडीएफ दोन पानांची आहे.

पुतण्याने एक्सेल केलं. शेवटच्या ओळीत शिल्लक १,२७,४७४.५० दिसते. अगदी जुळली. पण जमा रकान्याची बेरीज येते २,०७,९००, म्हणजे ८,५०० रुपये कमी. शेवटची शिल्लक जुळते ती पीडीएफमधून जशीच्या तशी उचललेली म्हणून. ती एक्सेलने हिशेब करून काढलेली नाही. मधली एखादी नोंद गळाली तरी शेवटचा आकडा तोच राहणार.

मग हरवलेली नोंद शोधायची कशी? प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, हे या ओळीच्या शिल्लकेइतकं येतं का? `G3` मध्ये हे सूत्र लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(F2+E3-D3-F3,2)
```

सगळं ठीक असेल तर `G` रकाना वरपासून खालपर्यंत शून्य. आपल्या उदाहरणात `G41` मध्ये -8500 दिसतं, बाकी सगळीकडे शून्य. याचा अर्थ ४० आणि ४१ या ओळींच्या मध्ये ८,५०० ची नोंद गळाली आहे. आकडा उणे आला तर जमेची नोंद हरवली, अधिक आला तर खर्चाची.

आता पीडीएफ उघडून बघायचं. ओळ ४० ही पहिल्या पानावरची शेवटची नोंद. म्हणजे हरवलेली नोंद दुसऱ्या पानावरची पहिली. कारणही तिथेच सापडतं. रकान्यांची शीर्षकं फक्त पहिल्या पानावर छापलेली आहेत. दुसरं पान घेताना एक्सेलने तिथली पहिली ओळ शीर्षक समजून वर उचलली आणि ती नोंदीतून गेली. दुसऱ्या पानाच्या तक्त्यात `Promoted Headers` ही पायरी काढून टाकली की नोंद परत येते. मग आणखी एक काम राहतं: त्या तक्त्याच्या रकान्यांना पहिल्या पानासारखीच नावं द्यायची, नाहीतर जोडताना रकाने वेगळे पडतात.

ही ८,५०० रुपयांची नोंद म्हणजे एका पाहुण्याने यूपीआयने पाठवलेला आगाऊ भाडेपट्टा होता असं समजा. ती राहिली असती तर काकूंच्या यादीत त्याचे पैसे बाकी दिसले असते, आणि दारात सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांनी पुन्हा पैसे मागितले असते. शिवाय सीएंकडे विक्री कमी दिसली असती ती वेगळीच.

या सूत्रालाही मर्यादा आहेत, त्या चिठ्ठीत लिहाच. शेवटचं पानच राहिलं तर `G` रकाना पूर्ण शून्य दाखवेल, कारण जेवढ्या ओळी आहेत तेवढ्या आपसात जुळतात. म्हणून दोन टोकं वेगळी तपासायची. या महिन्याची आरंभीची शिल्लक ही मागच्या महिन्याच्या अखेरच्या शिल्लकेइतकी आहे का? आणि एक्सेलची शेवटची शिल्लक पीडीएफवर छापलेल्या अखेरच्या शिल्लकेइतकी आहे का? दोन टोकं, मधली साखळी आणि जमा-खर्चाच्या बेरजा, एवढं जुळलं की रकमा पूर्ण उतरल्या असं म्हणता येतं.

कधी `G` मध्ये आकड्याऐवजी `#VALUE!` येतं. घाबरू नका, ही उपयोगाची सूचना आहे. त्या ओळीत कुठेतरी आकड्याच्या जागी मजकूर बसलाय. बहुतेक वेळा `45210.00 Cr` असं शेपूट असतं, किंवा रिकाम्या जागी `-` असतं. शोधा-बदलाने ते काढायचं. इथे एक फरक लक्षात ठेवा: `SUM` असा मजकूर गुपचूप सोडून देतं आणि बेरीज कमी देतं, तर अधिक-उण्याचं आपलं सूत्र लगेच ओरडतं. नुसत्या बेरजेवर विसंबायचं नाही ते यासाठीच.

आता तारखा. रकमा सगळ्या बरोबर आणि तारखा चुकलेल्या, असंही होतं. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर `01/05/2025` म्हणजे १ मेऐवजी ५ जानेवारी धरली जाते. `13/05/2025` मध्ये तेरावा महिना नसतोच, त्यामुळे ती तारीख म्हणून वाचलीच जात नाही. हे ओळखायला चार छोटी सूत्रं पुरतात:

```
=MIN(A3:A200)
=MAX(A3:A200)
=COUNT(A3:A200)
=COUNT(F3:F200)
```

पहिल्या दोन उत्तरांना तारखेचं रूप द्या. ती दोन्ही त्याच महिन्यातली हवीत. मेच्या पत्रकात जानेवारी किंवा डिसेंबर दिसला तर तारखा उलटल्या. शेवटची दोन उत्तरं सारखी हवीत, कारण जितक्या शिल्लक रकमा तितक्याच तारखा असणार. चुकलं असेल तर हाताने तारखा दुरुस्त करत बसू नका. पीडीएफ आत घेताना एक्सेलने स्वतःहून लावलेली `Changed Type` पायरी काढा, तारखेच्या रकान्यावर उजवी कळ दाबून `Change Type > Using Locale` मध्ये `Date` आणि `English (India)` निवडा.

बुकिंग साइटचे पैसे बँकेत आले का?

साइटच्या स्टेटमेंटमध्ये चढती-उतरती शिल्लक नसते, त्यामुळे साखळीचं सूत्र तिथे चालत नाही. तिथे तपासणी बँकेशी करायची. समजा पाहुण्यांनी मेमध्ये साइटवर ४८,००० रुपये भरले. कमिशन १५ टक्क्यांनी ७,२०० आणि कमिशनवर १८ टक्के जीएसटी १,२९६. हाती यायला हवेत ३९,५०४. काही स्टेटमेंटमध्ये टीडीएस-टीसीएसच्या ओळीही असतात, त्याही वजा धरायच्या.

बँकेत मात्र मेमध्ये ३१,५०४ दिसतात. उरलेले ८,००० कुठे गेले? ३० आणि ३१ मेच्या मुक्कामाचे पैसे साइटने ३ जूनला सोडले. ही चूक नव्हे, रक्कम वाटेत आहे. चिठ्ठीत यासाठी एक छोटा तक्ता ठेवा: ‘वाटेत असलेली रक्कम’. मेच्या पत्रकात ८,००० तिथे लिहायचे आणि जूनच्या स्टेटमेंटमध्ये ते आले की खोडायचे. दोन महिने होऊनही खोडले गेले नाहीत तर साइटला विचारायचं.

चिठ्ठी शेवटी कशी दिसेल?

दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. नमुना असा:

> *१ ते ५ तारीख:* सहा पीडीएफ उतरव. आतला कालावधी बघून नाव दे. नसलेल्या क्रमांकाला कारण लिही.
> *६-७ तारीख:* क्रमांक २ हाताने टाइप कर. बाकीच्यांचं एक्सेल मिळालं तर ते घे, नाहीतर पीडीएफमधून आत घे. पानं मोज. चालू खात्याच्या दुसऱ्या पानाची पहिली ओळ आली का ते बघ.
> *८ तारीख:* दोन टोकं, बेरजा, `G` रकाना शून्य, तारखा. मग बुकिंग आणि बँक.
> *९ तारीख:* काकूंना एकूण जमा, एकूण खर्च आणि वाटेतली रक्कम सांग. त्यांनी हो म्हटल्यावर सीएंना मूळ पीडीएफ आणि एक्सेल दोन्ही पाठव.
> *हाताने बदललेली प्रत्येक चौकट पिवळी कर आणि बाजूला कारण लिही. शिल्लकेचा आकडा कधीही बदलू नको.*
> *अर्ध्या तासात फरक सापडला नाही तर:* मूळ पीडीएफमधून नव्याने सुरू कर. तरीही नाही तर ‘इतका फरक आहे’ असं लिहून पाठव. फरक मिटवण्यासाठी खोटी ओळ घालू नको.

९ तारीख का? मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. सीएंच्या हातात दोन दिवस तरी हवेत. तारखेमागचं हे कारण चिठ्ठीत लिहिलेलं असलं की पुतण्या ‘बघू नंतर’ म्हणणार नाही.

चिठ्ठी पुरेशी आहे का, याची परीक्षा एकच. भाची जायच्या आधी एका जुन्या महिन्याच्या पीडीएफ पुतण्याला द्या. फक्त चिठ्ठी वाचून त्याने काम करायचं. भाची शेजारी बसेल, पण तोंड उघडणार नाही, तो जिथे अडला ती जागा फक्त वहीत टिपेल. संध्याकाळी त्याचं पत्रक तिच्या त्याच महिन्याच्या जुन्या पत्रकाशी ताडून बघा, आणि टिपलेली प्रत्येक जागा चिठ्ठीत एकेका वाक्याने भरून घ्या.